दावा सिद्ध झाला

बुलढाण्याच्या ज्या कॉलेजात मी संख्याशास्त्र शिकवतो, तिथं माझी वही प्रसिद्ध आहे. पोरं झेरॉक्स काढून नेतात. परिकल्पना चाचणीचं गणित झालं की खाली काय लिहायचं, याचं एक तयार वाक्य त्यात आहे: 'शून्य परिकल्पना स्वीकारली, म्हणून दावा सिद्ध झाला.' प्रश्न औषधाचा असो की बल्बचा, वाक्य तेच. मला त्याचा अभिमान होता. आपल्या आळसाचाही माणसाला अभिमान वाटू शकतो.

मागच्या वर्षी देऊळघाटची एक मुलगी स्टाफरूममध्ये आली. शेवटच्या वर्षाला होती, बाकी सगळे पेपर निघाले होते. फक्त माझ्याच विषयात, ग्रेस धरूनही, दोन मार्कांनी राहिली होती. पुरवणी परीक्षेत हा पेपर निघाला तरच तिला त्या वर्षी बी.एड.ला प्रवेश मिळणार होता. तिनं पैसे भरून उत्तरपत्रिकेची प्रत मागवली होती. प्रत माझ्यापुढं ठेवून ती उभीच राहिली.

"सर, गणित तं बरोबर हाय. मंग तीन मार्क काऊन कापले?"

प्रश्न सोयाबीनच्या बियाण्याचा होता. थैलीवर लिहिलंय, सत्तर टक्के उगवण. शंभर दाणे तपासले, चौसष्ट उगवले. उगवण सत्तरपेक्षा कमी आहे, असं पाच टक्के पातळीवर म्हणता येईल का? तिनं झेडची किंमत उणे १.३१ काढली होती. तक्त्यातली मर्यादा उणे १.६४५. आपली किंमत तिच्याखाली गेली नाही, म्हणून शून्य परिकल्पना, म्हणजे थैलीवरचे सत्तर टक्के खरे हे गृहीतक, नाकारता येत नाही. इथवर बिनचूक. त्याखाली माझं वाक्य, अक्षरन् अक्षर. परीक्षकानं त्याला लाल गोल करून शेजारी लिहिलं होतं, 'कशाबद्दल? सिद्ध कसं?'

मी आधी परीक्षकावर चिडलो. चांगली दोन मिनिटं चिडलो. मग ते वाक्य परत वाचलं. त्यात बियाणं नव्हतं, उगवण नव्हती, सत्तर टक्के नव्हते. आणि जे होतं ते चूक होतं. उगवण खरोखर सत्तर टक्के असली तरी चौसष्ट किंवा त्याहून कमी दाणे उगवण्याची वेळ साधारण दहातून एकदा नुसत्या योगायोगानं येते. म्हणून बियाणं वाईट ठरवता येत नाही. पण म्हणून ते चांगलं आहे, हेही सिद्ध होत नाही.

हे मी तिला समजावलं, चूक माझी आहे हे मात्र गिळलं. ती विचार करत राहिली, मग म्हणाली, "आमचे बाबा पेरणीच्या आधी वल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून ठेवतात, सर. चौसष्ट निघाले तं 'बियाणं चांगलं हाय' असं ते नाई म्हणत. 'एवढ्यावरून थैली वापस नेता येत नाई,' म्हणतात."

"हेच लिही," मी म्हणालो. "फक्त पातळी सांग, आणि वापस नेण्याऐवजी पुरावा म्हण."

तिनं माझ्याच टेबलावर लिहिलं: 'या शंभर दाण्यांवरून, पाच टक्के सार्थकता पातळीवर, या बियाण्याची उगवण सत्तर टक्क्यांपेक्षा कमी आहे असं म्हणण्याइतका पुरावा मिळत नाही.' वाक्य जरा लांब होतं, पण तिच्या बाबांनाही कळलं असतं.

पुरवणीला प्रश्न वेगळा होता, पंपाचा, आणि तिथं शून्य परिकल्पना नाकारली जात होती. तिनं निकालानंतर पुन्हा प्रत मागवली. आता गरज नव्हती, पण हौस. निष्कर्षाला पूर्ण मार्क होते. प्रत दाखवताना ती सहज म्हणाली, "वहीतलं वाक्य बदला न सर. पोरं अजून तेच पाठ करून राह्यले."

मला लाज वाटली. दुसऱ्या दिवशी वर्गात मी ते जुनं वाक्य फळ्यावर लिहिलं, त्यावर काट मारली आणि सांगितलं की हे चूक आहे, आणि अकरा वर्षं मीच शिकवलंय.

दुसऱ्या बाकावरची एक मुलगी उठली. "सर, आमची ताई याच पेपरात राह्यली व्हती. मंग तिनं शिक्षणच सोडलं. तिचे मार्क बी याच्यातच गेले का?"

तिच्या ताईची उत्तरपत्रिका मी पाहिलेली नव्हती. गेले असं म्हणायला माझ्याजवळ काही नव्हतं, नाही म्हणायलाही नव्हतं.

"गेले असतील," मी म्हणालो. ती खाली बसली.