एक पेर

मी मराठीत आणत होते त्या इंग्रजी पाठात बी एक इंच खोल लावायला सांगितलं होतं. राजापेठेतल्या घरी बसून मी कॅल्क्युलेटर काढला आणि आकृतीतल्या बाणाजवळ '२.५४ सेंमी' लिहून टाकलं. पुस्तक तिसरीचं होतं, पण मला माझ्या अचूकपणाचा ताठा होता.

मसुदा वलगावच्या एका शिक्षिकेला दाखवला. त्यांनी त्या बाणावर पेन्सिल टेकवली. "तिसरीच्या पोरायले दशांश येते का? अन् बी लावताना इतकं कोन मोजून राहिलं?"

मी चिडून विचारलं, "मग काय लिहू?"

त्यांनी तर्जनीच्या पहिल्या सांध्यावर अंगठा ठेवला. "पेर लिवा. एक पेर."

मी '२.५४ सेंमी' खोडलं. माझ्या आईनं जन्मभर असंच बोट मातीत रोवून सरकी लावली होती.

अकोल्याच्या संपादकांनी बदल ठेवला. आता बाणाजवळ छापलंय, 'सुमारे अडीच सेंमी, म्हणजे मोठ्या माणसाच्या बोटाचं एक पेर'. पुस्तक हाती येताच मी त्या शिक्षिकेला फोन करून आभार मानले. म्हटलं, "बाई, तो शब्द मले माईत होता."

"मंग कॅल्क्युलेटर कायले काढला?" त्या म्हणाल्या.