कमेंटमध्ये फक्त ‘माग’ लिहा

आमच्या कोल्हापुरात माणसाचं ऐकणं कमी झालंय हे कळायलाच उशीर होतो. सगळेच ओरडून बोलतात, मग कळणार कसं? टपरीवर दोन मित्र निवांत चहा पीत असले तरी नवख्या माणसाला वाटतं, आता कॉलर धरणार. मी कान तपासते. हाच माझा धंदा. शहरात एका दवाखान्याच्या वर माझ्या दोन खोल्या आहेत, आणि तिथं येणारा प्रत्येक पुरुष खुर्चीत टेकायच्या आधी एकच गोष्ट सांगतो, “मला येतंय ओ ऐकू, ही बायकोच बारीक बोलती.”

माझा थोरला भाऊ इचलकरंजीत यंत्रमाग चालवतो. लग्नाच्या आधीपासून चालवतोय. त्या शेडमध्ये शेजारच्याला पाणी मागायचं तरी हातानं खूण करावी लागते, इतका खडखडाट. गेली दोनेक वर्षं मी फोन केला की दादा “बरी हाईस न्हवं? हं, वहिनीशी बोल,” म्हणायचा आणि फोन वहिनींच्या हातात द्यायचा. मला काय चाललंय ते कळत होतं. रोज दुसऱ्यांचे कान तपासते आणि सख्ख्या भावाचं कळू नये? पण तपासायला ये म्हटलं की त्याचं ठरलेलं, “मला काय धाड भरलीय?”

मागाच्या आवाजानं गेलेलं ऐकणं परत येत नाही. औषध नाही, ऑपरेशन नाही. आज कान झाकले तर उरलेलं राहतं, नाही झाकले तर तेही जातं. म्हणजे दादाच्या प्रत्येक पाळीला माझा जीव खालीवर. आणि सांगायची सोय नाही, कारण धाकट्या बहिणीचं ऐकायचं म्हणजे काय कमीपणाच की नाही!

दादा माझं ऐकत नव्हता, पण जेवणाच्या सुट्टीत रील मात्र सगळे बघायचा. म्हणून मी मागावरच्या लोकांसाठी चार पानांची छोटी पुस्तिका लिहिली. कानात शिट्टी वाजते ती का, आवाज येतो पण शब्द कळत नाही असं का होतं, कापसाच्या बोळ्यानं काही उपयोग का होत नाही, फोमचा बोळा चिमटीत वळून, कान वर-मागं ओढून आत कसा बसवायचा, आणि तपासणीला कधी जायचं. सगळं फुकट. एक रील करायचा, त्यात सांगायचं की खाली अमुक शब्द लिहा. तो शब्द कमेंटमध्ये दिसला की पेजवरून आपोआप मेसेज जातो आणि पुस्तिका मिळते.

आता रील करून देणारा एक माणूस मला कुणीतरी सुचवला. गडी हुशार, पण त्याला सगळं बाजार भरल्यासारखं लागायचं. त्यानं शेवटी टाकलं : “आत्ताच्या आत्ता ‘बहिरेपणा’ कमेंट करा! पेज फॉलो करा! तीन मित्रांना टॅग करा! फ्री गाईड फक्त आज!”

“फक्त आज का? उद्या कान बरे होणारेत व्हय सगळ्यांचे?” मी विचारलं.

“मॅडम, घाई लावल्याशिवाय पब्लिक हलत नाही,” तो म्हणाला. मी म्हटलं, असेल बाबा.

काय झालं विचारू नका. लोकांनी एकमेकांना टॅग केलं ते टिंगलीसाठी. “भावा, तुझ्यासाठीच हाय की रं हे,” आणि खाली दात काढणाऱ्या चेहऱ्यांची रांग. एकानं खरंच ‘बहिरेपणा’ लिहिलं. त्याच्याखाली लगेच त्याच्या दोस्तांनी “काय म्हणालास? मोठ्यानं लिही!” असं सुरू केलं. संध्याकाळी बघितलं तर त्यानं कमेंट काढून टाकली होती. वर त्या गड्यानं आठवणीचे मेसेजही लावून ठेवले होते. पुस्तिका उघडली नाही की पहिली आठवण, मग दुसरी, मग तिसरी. एका बाईनं मला सरळ सुनावलं, “कानाचं मशीन विकायचं असंल तर तसं सांगा की. मागं कशाला लागलाय माणसाच्या?” मला इतका राग आला म्हणता! बाईचा नाही. तिचं बरोबरच होतं.

त्या रविवारी मी दादाकडे जेवायला गेले होते. जेवता जेवता तोच म्हणाला, “तुझी ती रील बघितली. कार्यात वाढपी कसा बुंदी घेऊन मागं लागतोय, घ्या घ्या म्हणून? तसं वाटालतं. आन् सगळ्यांम्होरं ‘बहिरेपणा’ कोण लिवंल गं? आमच्या शेडातली झाडून सगळी पोरं तितंच असत्यात. एकानं लिवलं की जल्माचं नाव पडलं त्याला.”

मी ताटाकडे बघत विचारलं, “मग काय लिहायला सांगू?”

“नगं, नगं,” दादा ताटावर हात आडवा धरून म्हणाला, “पोट भरलंय माझं.”

त्याची मुलं खो खो हसली. दादाला वाटलं, आपण काहीतरी विनोद केला, म्हणून तोही हसला. वहिनी हसल्या नाहीत. त्या उठून आत गेल्या आणि उगीचच भांडी हलवत बसल्या. पंगतीत भावाच्या शेजारी बसून त्याचे कान गेलेले बघायचे आणि भात कालवायचा, हे मला जमेना.

परतताना एसटीत माझ्या डोक्यात शब्दच शब्द. ‘बहिरेपणा’ गेला खड्ड्यात. ‘कान’? त्यावर “कान उपटा मास्तरांचा” सुरू होणार. ‘ऐकू’? तेही तेच, दुखणं सांगणारंच. ‘काय?’ चांगला वाटला, कारण ऐकू न येणारा माणूस दिवसातून शंभर वेळा तेच म्हणतो. पण आमच्याकडे काय भारी, काय विषय हाय, काय राव, अशा कमेंट कुठल्याही रीलखाली पडतात. न मागता प्रत्येकाच्या मेसेजमध्ये पुस्तिका जाऊन पडली असती, आणि मग आम्ही खरेच मागं लागणारे ठरलो असतो. हातकणंगल्याच्या फाट्यावर एसटी थांबली. मागच्या बाकावर दोन बाप्ये सुताच्या भावाबद्दल बोलत होते. “माझं चार माग बंदच हाईत,” एकजण म्हणाला. ‘माग’ म्हटलं की त्याचा आवाज जरा ताठ झाला, कर्जाबद्दल बोलत असूनसुद्धा.

माग! म्हटलं, हाच की. हा शब्द लिहायला कुणाला लाज वाटणार? मागवाल्यानं ‘माग’ लिहिलं तर लोकांना वाटेल, आपल्या कामाबद्दल काहीतरी लिहितोय. आणि मागायचं तर आहेच. माग, म्हणजे देते.

रीलवाल्या गड्यानं डोकं खाजवलं. “मॅडम, पण कुणी ‘मागच्या आठवड्यात’ लिहिलं तर?”

“म्हणूनच पूर्ण कमेंट तेवढ्याच एका शब्दाची असेल तरच मेसेज जाऊ दे,” मी म्हटलं. “इंग्रजी अक्षरांत लिहिणारे निम्मे आहेत, तेही धर. आणि उत्तरेकडचे कामगार ‘लूम’ म्हणतात, त्यांचाही शब्द घाल. फॉलोची अट काढ. टॅग काढ. त्या आठवणी तर पहिल्या काढ, नाहीतर तुझे कान मी तपासते.”

रील पुन्हा केला. यावेळी आधी बोळा कसा बसवायचा ते पूर्ण दाखवलं, म्हणजे पुस्तिका न घेणाऱ्याच्याही हाती काहीतरी लागावं. शेवटी साध्या आवाजात एवढंच बोलले : “हे सगळं मी चार पानांत लिहून ठेवलंय. पाहिजे असेल तर खाली फक्त ‘माग’ लिहा, मेसेजमध्ये पाठवते. नंबर विचारणार नाही, मशीन विकणार नाही. सगळ्यांसमोर लिहायचं नसेल तर मला थेट मेसेजमध्ये लिहा, तिथंही मिळेल. नको असेल तरी हरकत नाही, बोळा तेवढा घाला.”

आपोआप जाणाऱ्या मेसेजमध्येही गोडगोड काही ठेवलं नाही. ‘पुस्तिका पाठवू का?’ आणि खाली एक बटण. दाबलं तर येते, नाही दाबलं तर आम्ही गप्प. पुस्तिकेखाली एक ओळ : ‘काही विचारायचं असेल तर इथंच लिहा. ते मशीन वाचत नाही, मी वाचते.’ आणि कमेंटखाली उत्तर, ‘पाठवलंय. दिसलं नाही तर मेसेज रिक्वेस्टमध्ये बघा.’

दुसऱ्या दिवसापासून ‘माग’ यायला लागले. माग. माग. एकानं ‘माग’ लिहून पुढच्या कमेंटमध्ये ‘नाद खुळा’. टिंगल करणाऱ्यांना धरायला काही सापडेना. बायकांनी मात्र थेट मेसेजच केले, नवऱ्यासाठी, सासऱ्यासाठी. मी रोज सकाळी तपासणी सुरू करायच्या आधी बसून उत्तरं द्यायचे. रोज प्रत्येक नाव वाचायचे. दादाचं नाव नसायचं. वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू? गावाला पुस्तिका वाटली आणि घरचा उपाशी.

मग एका सकाळी त्याचं नाव दिसलं. कमेंट नव्हतीच, थेट मेसेज होता. ‘माग’ एवढंच. बटण दाबलेलं, पुस्तिका गेलेली. आणि त्याखाली त्यानं लिहिलं होतं :

‘मॅडम, नमस्कार. आमच्याकडं एक माणूस हाय. त्याला बहिणीचा आवाज फोनवर कळंना झालाय. नुसतं कायतरी बोलती एवढंच कळतंय. त्यो बायकोकडं फोन देतोय. बहिणीला सांगायला त्याला लाज वाटती. काय करावं?’

खाली दवाखान्यात लोक यायला लागले होते. पहिल्यांदा मनात आलं, ‘दादा, मला माहीत आहे रे’ असं लिहावं. लिहून पुसलं. त्यानं ज्या वाटेनं यायचं ठरवलं होतं ती बंद करायची मला काय गरज? मी लिहिलं :

‘पावणं, नमस्कार. त्यांना सुट्टीच्या दिवशी सकाळी घेऊन या. आदल्या रात्रीची पाळी नको, नाहीतर तपासणी बरोबर येत नाही. बहिणीला आम्ही काही सांगणार नाही.’

बऱ्याच वेळानं उत्तर आलं, ‘फी किती?’

‘बहिणीचा फोन घेत नसलेल्यांना दुप्पट.’

त्यावर त्यानं नुसता अंगठा पाठवला.

सुट्टीच्या दिवशी सकाळी तो आला, इस्त्रीचा शर्ट घालून, एकटाच. मला ‘मॅडम’ म्हणाला आणि हसला नाही. मी त्याला काचेच्या खोलीत बसवलं, हेडफोन लावला, हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. जाड आवाजाला त्यानं झटझट दाबलं. बारीक, शिट्टीसारखा आवाज मी लावत गेले, वाढवत गेले, आणि काचेपलीकडे माझा भाऊ बटणावर अंगठा ठेवून, डोळे मिटून, मन लावून वाट बघत होता. आवाज केव्हाचा वाजत होता.

बाहेर आल्यावर मी त्याच्याजवळ खुर्ची ओढली, त्याला माझे ओठ दिसतील अशी बसले आणि एकेक शब्द सुटा करून मोठ्यानं सांगितलं, “दादा, जे गेलंय ते येणार नाही. उरलंय ते जपायचं.”

“ओरडालीस कशाला?” दादा म्हणाला. “मी काय बहिरा हाय व्हय?”

आणि बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते त्याच्या ध्यानात आलं. तो माझ्याकडे बघून हसायला लागला. मला काही हसता येईना. मी त्याचा हात धरून तशीच रडत बसले.