भरले किती, काढले किती

घमापुरच्या बाजारात मिक्सर-पंखे दुरुस्त करणाऱ्या गुणवंतला हरणं माहीतच नव्हतं. म्हणजे तो हरत नसे असं नाही, कबूल करत नसे. एकदा एक बाई तक्रार घेऊन आल्या, दुरुस्त केलेला मिक्सर गळतो म्हणून. या बहाद्दरानं शेजारून ताक मागवलं, भर दुकानात मिक्सर फिरवला आणि भुवयांवरचं ताक पुसत विचारलं, "आता सांगा ताई, कुठं गळून राहिला?" बाई इतक्या हसल्या की तक्रार विसरून जुना पंखाही दुरुस्तीला देऊन गेल्या. आजोबा विदर्भातून इथं मजुरीला आले तेव्हापासून घरात एकच शिकवण, कोणापुढे वाकायचं नाही. गुणवंतनं ती जरा जास्तच मनावर घेतली होती.

मग मोबाईलवर ते पैजेचं ॲप आलं. क्रिकेटचा सामना लागला की गुणवंतची बोटं पान्यावरून उठून मोबाईलवर जात. एका सामन्यात त्यानं एकसष्ट हजार मारले, आणि त्या एकसष्ट हजारांची कथा चहाच्या टपरीवर इतक्या वेळा झाली की टपरीवाल्यालाही पाठ झाली. हरलेल्या दिवशी मात्र तो चहा घेऊन गुपचूप उठायचा. त्यामुळे घमापुरात गुणवंत जिंकतो एवढंच लोकांना कळलं.

मालाची छोटी गाडी, लोडर चालवणारा नीलकंठ त्याचा लंगोटीयार. त्यानं योजना आणली. "भैया, आम्ही पाच जण मिळून पन्नास हजार जमवतो. तू खेळ. नफ्यात अर्धा तुझा. रविवारी संध्याकाळी पैसे घेऊन येतो."

गुणवंतची छाती फुगली. घरी येऊन त्यानं बायकोला, भानुमतीला सांगितलं. भानुमती नेपियर टाउनमधल्या एका दवाखान्यात काउंटरवर बसते, दिवसभर कॉम्प्युटरवर बिलं करते. ती भाजी चिरत होती. चिरतच राहिली.

"काहून बोलत नाहीस?" गुणवंत म्हणाला.

"लोकांचे पैसे हातात घ्यायच्या आधी आपल्या पैशांचं काय झालं ते मांडा."

"अगं, मी फायद्यात आहे."

"मग मांडायला काय भीती?"

झालं. भीती हा शब्द गुणवंतच्या कानावर पडला की वाद मिटलाच म्हणून समजा. "काढ तुझा लॅपटॉप," तो म्हणाला. "रविवारी दुपारी सगळं मांडतो. मग या घरात या विषयावर कोणी बोलायचं नाही."

रविवारी जेवणं झाल्यावर तो बसला. भानुमतीनं एक्सेल उघडून दिलं, तीन रकाने करून दिले: तारीख, भरले, आले. खाली बेरजेचं सूत्र टाकलं आणि ती कपडे वाळत घालायला निघून गेली. गुणवंतनं भरलेले बँकेच्या मेसेजांवरून आणि आलेले ॲपमधून, असा अकरा महिन्यांचा इतिहास ओळीनं उतरवला. संपल्यावर त्यानं अशी आरोळी दिली की वरच्या मजल्यावरची मालनबाई कठड्यावरून वाकून बघू लागली.

"ये, बघ. भरले एक लाख बासष्ट हजार पाचशे. आले दोन लाख सेहेचाळीस हजार. साडेत्र्याऐंशी हजारांचा नफा. बोल आता."

भानुमतीनं पदराला हात पुसले. आल्याचा रकाना वरून खाली वाचला. एकसष्ट हजारांवर तिचं बोट थांबलं.

"हे बँकेत कोणत्या तारखेला आले?"

"जिंकलो ना त्या दिवशी."

"जिंकले ॲपमध्ये. बँकेत केव्हा आले?"

गुणवंतनं तोऱ्यात बँकेचा हिशोब उघडला. त्या आठवड्यात बँकेत पंधरा हजार आले होते. बाकीचे ॲपमध्येच राहिले, आणि पुढच्या तीन सामन्यांत त्यानं ते पुन्हा पैजेला लावून घालवले होते. आत आणखी जे जिंकलं तेही त्याच चक्रात फिरलं होतं. तेच ते पैसे जिंकण्यात पुन्हा पुन्हा लिहिले गेले होते, हरताना एकदाही नाही.

"अहो, घरात पंखा कितीही फिरला तरी विजेचा खर्च कुठं बघता?"

"मीटरवर," गुणवंतच्या तोंडून निघून गेलं.

"मग बँक तुमचं मीटर. आत गेले ते भरले, बाहेर आले ते काढले. मधलं सगळं पंखा."

त्यानं आल्याचा अख्खा रकाना खोडला. नाव बदलून 'काढले' केलं आणि बँकेत प्रत्यक्ष जमा झालेल्या रकमाच टाकल्या. ॲपनं दिलेला बोनस खिशातून गेला नव्हता, तो भरल्यात घेतला नाही. मग भानुमतीनं हळूच विचारलं, "सगळं याच खात्यातून भरलं?" नव्हतं. थोडं दुसऱ्या वॉलेटमधून गेलं होतं, थोडं नीलकंठला रोख देऊन त्याच्या मोबाईलवरून. ते बावीस हजार निघाले. भरलेले झाले एक लाख साडेचौऱ्याऐंशी हजार. काढलेले एकाहत्तर हजार दोनशे. ॲपमध्ये शिल्लक तीनशे, तीही भानुमतीनं इमानदारीनं त्याच्या बाजूला धरली.

तोटा एक लाख तेरा हजार.

"सूत्र चुकलं," गुणवंत म्हणाला. कॅल्क्युलेटरवर केलं, तेच. बिलाच्या पाठीवर पेननं केलं, तेच. भानुमतीनं प्रत्येक ओळीपुढे तोवरचा एकूण आकडा यायचं सूत्र टाकलं. पहिला आठवडा सोडला तर सगळीकडे वजा. ज्या दिवसाचे पोवाडे टपरीवर गायले त्या दिवशीही वजाच. गुणवंत पडद्याकडे असा बघत राहिला जसं उलट्या फिरणाऱ्या मोटरकडे बघावं.

दाराशी लोडरचा हॉर्न वाजला.

नीलकंठ आला, मागून आणखी चौघं. त्यांत बाजारात लसूण विकणारे म्हातारे लहानूबाबाही. नीलकंठनं पाकीट टेबलावर ठेवलं. "मोजून घे, भैया."

भानुमतीनं लॅपटॉप मिटायला हात पुढे केला. नवऱ्याची अब्रू होती. गुणवंतनं तिचा हात बाजूला केला आणि पडदा सगळ्यांकडे फिरवला.

"आधी हे वाचा. हा तुमचा जिंकणारा माणूस. एक लाख तेरा हजारांनी बुडालेला."

नीलकंठ खालच्या आवाजात म्हणाला, "अबे, झाकली मूठ सव्वा लाखाची. चारचौघांत काहून सांगून राहिला?"

"उघडली तर तेवढ्याचंच भोक निघालं, म्हणून."

"एक मोठी मॅच लागली की सगळं भरून निघते."

"लागली होती ना. एकसष्ट हजारांची. ही बघ ती ओळ, अन् पुढच्या ओळी बघ." गुणवंतचा आवाज चढला होता, ताकाच्या दिवशी चढला होता तसाच. "माझे गेले ते मी घालवले. तुमचे घालवायला माझ्याजवळ हात नाहीत."

"डरला," चौघांतला एक म्हणाला.

"डरलो असतो तर पाकीट ठेवून घेतलं असतं. इथं उभं राहून हा आकडा वाचून दाखवला असता का?"

नीलकंठनं पाकीट उचललं. "चलो, दुसरा बघू कोणी," म्हणत तो वळला, तसे लहानूबाबा आडवे आले. "माझे पाच हजार काढ आधी." नीलकंठ कुरकुरला, पण मोजून दिले. ते बघून आणखी एकानं हात पुढे केला. लोडर निघाला तेव्हा पाकीट बरंच हलकं झालं होतं.

गुणवंतनं तिथंच उभ्या उभ्या ॲपमधले उरलेले तीनशे बँकेत घेतले, खातं कायमचं बंद करायचा अर्ज टाकला आणि ॲप काढून टाकलं. भानुमतीनं पाण्याचा गिलास पुढे केला.

लहानूबाबा मात्र दारातच घुटमळत होते. बनियनच्या खिशातून त्यांनी मोबाईल काढला, इकडे तिकडे बघितलं.

"पोरा, नातू यातच खेळतो. माझ्याच खात्यातून. किती गेले ते तुझ्या त्या तक्त्यात मांडून देशील?"

गुणवंतनं त्यांच्यासाठी खुर्ची ओढली. "बसा, बाबा. पण तो जिंकला किती ते मला सांगायचं नाही. बँकेचं उघडा."