नोटमधली शेवटची ओळ

अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीत शशिकांत चौबळांना सगळे ‘रेशोवाले चौबळ’ म्हणत. कुणी मुलीच्या लग्नाचा विषय काढला तरी हे विचारायचे, “उत्पन्नाच्या किती पट खर्च?” लोक हसत, तेही हसत. वडील ऑर्डनन्स फॅक्टरीत टर्नर होते, क्वार्टर दोन खोल्यांचं. सीएच्या शेवटच्या परीक्षेत दोनदा आपटल्यावर शशिकांत रंगांची रसायनं बनवणाऱ्या या कंपनीत व्हाउचर लिहायला लागले आणि लिहिता लिहिता मुख्य वित्त अधिकारी झाले. बदलापूरला फ्लॅट घेतला. जुने शेठ गेले, खुर्चीवर त्यांची मुलगी राजसी बसली. लहानपणी ती यांच्याच टेबलाखाली बसून पंचिंग मशीननं कागदांना भोकं पाडायची. अजूनही ती त्यांना काकाच म्हणे.

निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना कंपनी बँकांच्या कर्जाची एक अट चुकली.

अट साधी होती. वर्षभरात हाती आलेली रोकड, म्हणजे निव्वळ नफा, घसारा आणि कर्जावरचं व्याज यांची बेरीज. तिला त्याच वर्षीच्या हप्त्यांच्या आणि व्याजाच्या बेरजेनं भागायचं. उत्तर १.२५ च्या खाली जाता कामा नये. नव्या ड्रायरसाठी कर्ज काढलं, हप्ते सुरू झाले आणि त्याच वर्षी युरोपातल्या मोठ्या गिऱ्हाइकानं माल घेणं थांबवलं. रोकड अकरा कोटी आली, देणंही अकरा कोटींचं. उत्तर १.००. हप्ता एकही चुकला नव्हता, पण अट मोडली होती. आता बँकांना हवं तर सगळं कर्ज एकदम मागता येणार होतं. वर्षाच्या हिशेबावर सह्या होण्याआधी त्यांनी लेखी सूट दिली नाही, तर ऑडिटर ते सगळं कर्ज वर्षाच्या आत फेडायचं म्हणून दाखवणार. मग कच्चा माल उधारीवर कोण देणार?

“काका, कंपनीचा बदलापूरचा प्लॉट विकतोय ना आपण,” राजसी म्हणाली. “त्याचा फायदा नफ्यात धरा. होतंय की वन पॉइंट टू फाइव्हच्या वर.”

“एकदाच होणारा फायदा धरायचा नाही, असं करारातच लिहिलंय. प्लॉटच्या पैशातून कर्ज कमी करू, म्हणजे पुढच्या वर्षीपासून देणं दहा कोटींवर येईल. पण यंदाचा एकचा एकच राहणार.”

“तुम्ही बँकेचे की आमचे?”

“बँकेला खोटं कळलं तर आपण कुणाचेच राहणार नाही.”

बँकांकडे सूट मागणारी नोट त्यांनी स्वतः लिहिली. अट कुठे आणि किती मोडली, का मोडली, पुढे काय. पुढच्या वर्षी १.१४, म्हणजे तेव्हाही अट मोडलेलीच, त्यानंतर १.२२. सावरण्याची योजना म्हटली की सगळे पहिल्याच वर्षी अटीच्या जेमतेम वरचा आकडा दाखवतात आणि बँकवाले तो पाहून मिशीत हसतात, हे त्यांना माहीत होतं. म्हणून त्यांनी यंदाची आणि पुढची अशी दोन वर्षांची सूट मागायची ठरवलं. पण त्यानंतरच्या वर्षी तरी १.२५ हवाच होता. हाताने पॅकिंग करणाऱ्या बायकांना काढून ते काम ठेक्यावर द्यायचं, ही बचत १.२२ मध्ये आधीच धरली होती.

ती ओळ टाइप करताना त्यांच्या हाताखालची मीनल थांबली होती. “सर, बनूबाई पण? तुम्ही आजारी होतात तेव्हा बारवी धरणाकडून रानभाजी घेऊन घरी आली होती ती.”

“मीनल, नोटमध्ये माणूस दिसता कामा नये. ओळ दिसली पाहिजे. माणूस दिसला की हात अडखळतो, आणि बँकेला अडखळलेला हात लगेच कळतो. लिही, ‘पॅकिंग खर्चात कपात’.”

मीनलनं लिहिलं. ती हुशार होती, एकदा सांगितलेलं विसरत नसे.

“आता १.२२ चे १.२५ करायचे,” ते म्हणाले. “देणं दहा कोटी, म्हणजे रोकड तीस लाखांनी वाढायला हवी. कर जाऊन तीस, म्हणजे बचत चाळीस लाखांची. एका वर्षापुरती नको, कायमची. शोध, आणि मॅडमना दाखवून फायनल कर. मी ऑडिटरकडे बसतोय.”

आपण लिहिलेल्या नोटवर शेवटची नजर दुसऱ्याची, असं त्यांनी आजवर कधी होऊ दिलं नव्हतं. या वेळी दिलं. मीनलला आपणच घडवलंय, याचा त्यांना अभिमान होता.

बैठक कारखान्यातच झाली. कर्ज देणाऱ्यांतल्या मुख्य बँकेचे समीर कर्णिक आणि दुसऱ्या बँकेचे दोघे आले होते. बटाटेवडे आले, नोटच्या प्रती वाटल्या गेल्या. चौबळांनी ओळीओळीनं समजावलं. आवाज स्थिर होता. तक्त्याच्या तळाशी आले तेव्हा एक ओळ नवी दिसली: ‘वित्त विभागातील वरिष्ठ पदाचे एकत्रीकरण, वार्षिक बचत ४० लाख.’

वित्त विभागात चाळीस लाखांचं पद एकच होतं.

त्यांनी मीनलकडे पाहिलं. ती आपल्या प्रतीवर पेन्सिलनं खुणा करत होती. राजसी मोबाइलवर काहीतरी वाचत होती.

“चौबळसाहेब, ही शेवटची ओळ,” समीर म्हणाला. “सस्टेनेबल आहे का? नाहीतर लोक एकाला काढतात आणि सहा महिन्यांनी कन्सल्टंट म्हणून परत घेतात.”

खोलीत वड्याचा वास होता. चौबळांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

“परत घेणार नाहीत,” ते म्हणाले. “काम खालच्या व्यक्तीला येतं. मीच शिकवलंय.”

“आणि जाताना ग्रॅच्युइटी वगैरे द्यावी लागेल, त्यानं पुढच्या वर्षाचा रेशो बिघडेल ना?”

या प्रश्नाचं उत्तर खोलीत एकट्या त्यांनाच ठाऊक होतं. ते गप्प राहिले असते, तर नोट अडली असती. त्यांना ते कळत होतं, आणि समीरच्या मागच्या काचेत त्यांना स्वतःचा चेहराही दिसत होता.

“नाही बिघडणार. ग्रॅच्युइटीची तरतूद दरवर्षी खर्चात धरलेली आहे. नफ्यावर नवा बोजा येत नाही. आकडा बरोबर आहे.”

“वा!” समीरनं नोट मिटली. “इतकी क्लीन नोट बऱ्याच दिवसांनी बघितली. मी वर शिफारस करतो. दंडाचं शुल्क मात्र लागेल हां.”

मीनलनं मूळ प्रत पुढे सरकवली. सहीच्या जागेखाली ‘मुख्य वित्त अधिकारी’ असं छापलं होतं. त्यांनी सवयीनं तक्त्याची बेरीज एकदा ताडून पाहिली आणि सही केली.

पाहुणे गेल्यावर राजसी म्हणाली, “काका, वाईट वाटून घेऊ नका. तुम्हीच म्हणता ना, बँकेला कायमची बचत लागते.” मग म्हणाली, “आणि त्या पॅकिंगच्या बायकांना तुम्हीच सांगा ना. तुमचं ऐकतात त्या.”

मीनल जिन्यात भेटली. “सर, मी नाव नाही लिहिलं,” ती हळूच म्हणाली. तो खुलासा होता की माफी, हे बहुधा तिलाही कळत नव्हतं.

“बरोबर केलंस,” चौबळ म्हणाले.

पॅकिंगच्या शेडमध्ये निळ्या भुकटीनं बायकांचे हात कोपरापर्यंत निळे झाले होते. त्यांनी सांगितलं. पुढच्या महिन्यापासून ठेका. कुणी रडलं नाही. बनूबाईनं पोत्याची शिलाई अर्धी ठेवली.

“सायेब, कवापास्नं ठरलंय ह्ये?”

“नोट लिहिली तेव्हापासून.”

“लिवली कुनी?”

“मी.”

तिनं मान हलवली. “आन तुमचं, सायेब? तुमी ऱ्हाताय ना?”

“नाही. मलाही काढलंय.”

बनूबाईनं त्यांच्याकडे नीट पाहिलं, वरपासून खालपर्यंत, इस्त्रीच्या शर्टापासून बुटांपर्यंत. मग इतर बायकांकडे वळून मोठ्यानं म्हणाली, “ऐकलं का गं? ह्यांनी सोताला बी लिवलं!”

सगळ्या शेडमध्ये हसू फुटलं. त्या हसत असतानाच चौबळ दारातून बाहेर पडले. मागे शिलाईचं मशीन पुन्हा सुरू झालं. पोती आज संध्याकाळच्या गाडीत चढायची होती.