कझाकस्तानला गेलेलं आमचं स्थळ

माझी मुलगी नववीत आहे आणि दर शनिवारी नारायण पेठेत रशियन शिकायला जाते. तिथल्या बाईंनी प्रत्येकीला कझाकस्तानातली एक रशियन बोलणारी मैत्रीण जोडून दिली. पहिलं पत्र हातानं लिहायचं, त्याचा फोटो मेलनं पाठवायचा. विषय दोनच, शाळा आणि घर. शाळेत तिचं कुणाशी फारसं जमत नाही. या पत्रावर तिची किती भिस्त आहे हे मला माहीत होतं. माहीत असूनही मी त्यात हात घातला.

तिनं छान लिहिलं होतं. वर 'झ्द्रास्त्वुय', म्हणजे नमस्कार, पुढे उद्गारचिन्ह. शाळा सकाळची, डब्यात पोळी-भाजी, भूगोल आवडतो, गणित नाही, धाकटा भाऊ छळतो. मला ते फार पोरकट वाटलं. 'आपण' का नाही घातलंस, असं मी विचारलं. बरोबरीच्या मुलीला तिकडे 'तू'च म्हणतात, 'आपण' म्हटलं तर बँकेची नोटीस वाटेल, असं तिनं सांगितलं. मग मी टक्के लिहायला लावले. तिकडे गुण पाचपैकी असतात, पाच म्हणजे उत्तम, म्हणून तिनं कंसात 'जवळजवळ पाच' असं घातलं.

घराबद्दलचा भाग मी सांगत गेलो आणि ती दात आवळून भाषांतर करत गेली. वडील खराडीला आयटीत. धायरीला स्वतःचा टू बीएचके, कर्ज फिटत आलेलं. घराणं शाकाहारी, निर्व्यसनी. आत्या, मावशी, काकू, मामी या सगळ्यांना रशियनमध्ये एकच शब्द, 'त्योत्या'. म्हणून चार त्योत्या झाल्या, प्रत्येकीच्या यजमानांच्या नोकरीसकट. बायकोनं आतून उंची सांगितली, शिवाय 'मनमिळाऊ' आणि 'स्वयंपाकाची आवड'. सोबत साडीतला फोटो.

"बाबा, पत्र माझं आहे ना?"

"तुझंच आहे. मी फक्त माहिती देतोय."

आठवड्यानं उत्तर आलं. तिनं ते जेवताना मराठी करून वाचलं.

"तुझं पत्र आजीनं दोनदा वाचलं. ती विचारतेय, तुझं लग्न कुणाशी करायचं आहे? मला एकच भाऊ आहे, तो दुसरीत आहे. फ्लॅट आजीला आवडला."

बायको हसली, पण मुलीकडे बघून तिला भाजी वाढायला लागली. माझ्याच हातानं मी तिचं स्थळ पाठवलं होतं.

"तिला वाटतंय मी नवरा शोधतेय," मुलगी म्हणाली.

मी आजींची माफी मागतो, असं मी म्हटलं.

"तुम्ही काही लिहू नका."

दुसरं पत्र तिनं दार लावून लिहिलं. मी बाहेर येरझाऱ्या घालत होतो. मध्येच दार किलकिलं झालं.

"बाबा, तुम्ही ऑफिसात नेमकं काय करता? एका वाक्यात."

मी क्लायंटपासून सुरुवात केली, मग प्रोसेस, मग टीम. वाक्य काही संपेना.

"राहू दे. 'दिवसभर मीटिंगमध्ये असतात, घरी आले की दमलेले असतात' असं लिहिते."

हे खरंच होतं. मी मान हलवली आणि तिनं दार लावून घेतलं.