काशिरामच्या दंडावरचे वळ

रंभाच्या हाताची सगळ्या खांदा कॉलनीत ख्याती होती. तांदळाच्या पिठाची उकड ती अशी मळायची की परात जागेवरून सरकायची. लग्नाची हळद कुठेही असो, पनवेलपासून उलव्यापर्यंत, भाकऱ्यांची ऑर्डर रंभाकडेच यायची. विमानतळात जमीन गेली, गावातलं घर गेलं, फ्लॅट आला, पण तिने परात सोडली नाही. मिठागरावर वाढलेली बाई ती, बसून खाणं तिला जमतच नसे. तिचं मनगट बघून बायका थट्टेने म्हणायच्या, "रंभे, नवऱ्याला जपून हात लाव गो." रंभाही हसायची. ही थट्टा पुढे तिच्याच अंगाशी येणार होती, हे तिला तेव्हा कुठून कळणार?

नवरा काशिराम पीत होता, आणि थोडाथोडका नाही. जमिनीचे पैसे हातात आल्यापासून सकाळी तोंड धुतलं की बाटली, अशी त्याची दिनचर्या. मग एका वर्षी त्याची थोरली बहीण गुणाबाई त्याला कार्ल्याला एकविरा आईच्या पायांशी घेऊन गेली. नारळावर हात ठेवून त्याने दारू सोडल्याची शपथ घेतली. गुणाबाईने साऱ्या भावकीत पेढे वाटले आणि त्या दिवसापासून एक विचित्र कायदा लागू झाला. काशिराम पितो, असं कुणी म्हणायचंच नाही. म्हटलं, तर आईची शपथ खोटी पडली, आणि ती पाडणारा पापी!

काशिराम अर्थातच पीत होता. पाण्याच्या बाटलीत भरून, गच्चीवरच्या टाकीमागे ठेवून. रंभाला माहीत होतं. मुलगा कुंदन विमानतळाच्या कामावर सुपरवायझर, दिवसभर बाहेर, त्याला फक्त बाप आता शांत झालाय एवढंच दिसे. रंभा एकदा बोलली, तर कुंदनने तिलाच दटावलं, "आई, तू बाबांवर विश्वासच ठेवत नाहीस." मग तीही गप्प बसली. गप्प बसण्यात तिचं चुकलंच, पण दोष देणाऱ्याने आधी गुणाबाईसमोर उभं राहून दाखवावं.

मग वळ दिसायला लागले.

आधी दंडावर, मग मांडीवर, मग पोटरीवर. निळे, जांभळे, कडेने पिवळसर. दाराच्या कडीला कोपर लागलं तरी रुपयाएवढा डाग उठायचा. काशिराम घरात बनियनवर बसायचा, त्यामुळे येणाऱ्या-जाणाऱ्याला सगळं दिसायचं. दात घासताना हिरड्यांतून रक्त यायचं, दाढी करताना ओरखडा पडला की टॉवेल भिजायचा. "उन्हाळा लागलाय," तो म्हणायचा.

गुणाबाईने वळ बघितले तेव्हा रंभा स्वयंपाकघरात होती. बाहेर भाऊबहिणीचं काय कुजबुजणं झालं ते तिला ऐकू आलं नाही. दोन दिवसांत मात्र भावकीच्या ग्रुपवर काशिरामच्या दंडाचा फोटो फिरला. खाली गुणाबाईचा आवाज: "माज्या भावाला ही बाय मारते. भाकरी थापते तशी थापते त्याला. आमी गप बसनार नाय."

रंभाने तो आवाज ऐकला तेव्हा उकडीत हात होता. तिला आधी हसू आलं, मग संताप आला. ज्या माणसाच्या ओकाऱ्या तिने वर्षानुवर्षं पुसल्या, त्याला तिने मारलं? हळदीच्या घरी बायका आता तिच्याकडे बघून गप्प होऊ लागल्या. हे सगळं ती गिळून गेली असती. पण एका संध्याकाळी कुंदन कामावरून आला, बूट काढता काढता खाली बघत म्हणाला, "आई, रागाच्या भरात बाबांवर हात उचलत जाऊ नकोस." ते तिला गिळता आलं नाही. पोटचा पोर! त्याचा हा समज मोडल्याशिवाय आपल्याला अन्न गोड लागणार नाही, हे तिला त्याच क्षणी कळलं. तिने परात उचलली आणि नळाखाली इतक्या जोरात आपटली की शेजारीण डोकावली, आणि तिलाही पुरावा मिळाला.

पावसाळ्याच्या शेवटी काशिरामची दाढ दुखायला लागली. गाल सुजला. कुंदनने सुट्टी टाकली, गुणाबाई न बोलावता आली, आणि चौघं पनवेलच्या बाजारातल्या दातांच्या डॉक्टरकडे गेली. डॉक्टरने नेहमीचे प्रश्न विचारले. साखर? बीपी? रक्त पातळ करायच्या गोळ्या? दारू?

"दारू नाय!" गुणाबाई काशिरामच्या आधी बोलली. "आईची शपथ घेतलेय त्याने."

रंभाने तोंड उघडलं. कुंदनने तिच्याकडे असं बघितलं की तिने ते मिटलं. काशिराम दिव्याकडे बघत राहिला. दाढ निघाली, कापूस चावायला दिला, मंडळी घरी आली.

कापूस लाल झाला. दुसरा लाल झाला. दुपार सरली, संध्याकाळ झाली, बादलीत थुंकून थुंकून काशिरामचा चेहरा पांढराफटक पडला, तरी दाढेच्या खड्ड्यातून रक्त येतच होतं. गुणाबाई हळद दाबायला निघाली. रंभाने तिच्या हातातली वाटी हिसकावून घेतली. "वन्स, आता दवाखाना. नाहीतर मानूस जाईल."

पनवेलच्या एका मोठ्या हॉस्पिटलात अपघात विभागात डॉक्टर दिपिका होती. वयाने कुंदनएवढीच, पण बोलणं ठणठणीत. तिने आधी हिरडीला टाके घातले, औषधात बुडवलेला बोळा दाबून चावायला लावला. रक्त तपासायला घेतलं. मग काशिरामच्या शर्टाची बाही वर केली आणि थांबली.

"हे वळ कसले?"

"ईला विचारा!" गुणाबाईने रंभाकडे बोट केलं. "मारते ती. माज्याजवल फोटो हायेत. पोलिसांत देनार हाय मी."

कॉटजवळची माणसं वळून बघू लागली. रंभाने कुंदनकडे बघितलं. तो जमिनीकडे बघत होता.

डॉक्टरने काशिरामची खालची पापणी ओढून डोळ्यातला पिवळेपणा बघितला, फुगलेल्या पोटावर बोटं वाजवली, डाव्या बरगडीखाली चाचपलं. "काका, रोज किती पिता?"

"तो पीत नाय," गुणाबाई.

"पितो," रंभा म्हणाली. आवाज तिचा तिलाच परका वाटला. "रोज. सकालपासून. टाकीच्या मागं बाटली असते. आई कोपली तर माज्यावर कोपूदे."

"खोटारडी! देवीला खोटी पाडतेस?" गुणाबाई अंगावर धावली. नर्स मध्ये आली नसती तर हॉस्पिटलातच झिंज्या धरल्या असत्या.

तपासणीचा निकाल आला तेव्हा डॉक्टरने तिघांना कॉटजवळ उभं केलं. काशिरामचं यकृत, म्हणजे लिव्हर, दारूने कडक होऊन गेलंय, ती म्हणाली. रक्त गोठवणारे जे पदार्थ असतात ते लिव्हरमध्येच बनतात. लिव्हर बिघडलं की ते पुरेसे बनत नाहीत. शिवाय रक्तात प्लेटलेट नावाच्या बारीक पेशी असतात, जखमेच्या तोंडाशी जाऊन त्या पहिलं बूच घालतात. लिव्हरमधून रक्त पुढे सरकेना की मागे प्लीहा सुजते आणि या पेशी स्वतःतच अडकवून ठेवते. वर दारू हाडांच्या आत त्या नव्या तयारही होऊ देत नाही. "बूच घालणाऱ्या पेशी कमी, आणि बूच पक्कं करणारे पदार्थही कमी. मग दाढेतून रक्त थांबेल कसं? नीट सांगितलं असतंत तर तपासल्याशिवाय दाढ कुणी काढलीच नसती."

"ते दाताचं झालं," गुणाबाई अजून अडून होती. "मुक्या माराचं काय?"

डॉक्टरने काशिरामचा उजवा हात सरळ केला. दंडावर जिथे मघाशी बीपीचा पट्टा बांधला होता, तिथे खाली बारीक लाल ठिपक्यांचा पट्टा उठला होता. सुई टोचली होती तिथे निळं वर्तुळ पसरत होतं.

"हे आत्ताचं आहे. बीपी मी घेतलं, रक्त मी काढलं. आता सांगा, मी मारलं का यांना?"

कुंदन त्या ठिपक्यांकडे बघत होता. मग त्याने बापाकडे बघितलं.

"बाबा, आई मारते असं आत्याला कुणी सांगितलं?"

काशिरामने तोंडातला बोळा काढला. "काय सांगनार व्हतो?" तो पुटपुटला. "वळ दिसत व्हते. जो तो इचारायचा. शपथ मोडली सांगू?"

म्हणजे सांगणारा हाच होता. फोटो गुणाबाईने काढला, पण गोष्ट रचली याने. स्वतःची बाटली झाकायला त्याने बायकोचा हात पुढे केला होता, आणि मुलगा तिच्यापासून तुटताना बनियनवर बसून बघत राहिला होता. रंभाला त्या क्षणी त्याचा इतका तिटकारा आला की हा मेला असता तरी चाललं असतं, असं तिच्या मनात आलं. तसं मनात आल्याची तिला लाज वाटली नाही.

"तो कापूस तोंडात घाला परत," ती एवढंच म्हणाली.

रक्त गोठवणारे घटक चढवले, प्लेटलेटची पिशवी लावली, इंजेक्शनं दिली. रक्त थांबलं. दारू तुटल्याने काशिरामचे हात थरथरायला लागले तेव्हा त्यावरही औषध दिलं. सोडताना डॉक्टरने बजावलं: दारू पूर्ण बंद, आणि सुटताना त्रास झाला तर घरी उपाय न करता इकडेच यायचं. मनाने दुखण्याच्या गोळ्या घ्यायच्या नाहीत. डोक्याला साधी ठेच लागली तरी धावत यायचं. पुढे तपासण्या आहेत. पिणं थांबलं तर लिव्हर थोडं सावरेल, नाहीतर पुढचं रक्त दाढेतून नाही, पोटातून येईल.

गुणाबाई तोवर घरी निघून गेली होती. ग्रुपवरचा फोटो तिने काढून टाकला, पण माफीचा शब्द टाकला नाही.

हॉस्पिटलबाहेर कुंदन रिक्षा ठरवत होता. समोरच दारूचं दुकान. "जरा पाय मोकले करून येतो," काशिराम म्हणाला आणि रस्त्यात उतरला. रंभाने हातातली पिशवी टाकली, मागून जाऊन त्याचा दंड पकडला आणि उकड मळणाऱ्या त्या हाताने त्याला रिक्षात आणून बसवलं. तो कण्हला. तिने हात सोडला नाही. कुंदनने सगळं बघितलं, खाली पडलेली पिशवी उचलली आणि आईच्या बाजूला येऊन बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुणाबाई पेज घेऊन आली. काशिराम बनियनवर बसला होता. त्याच्या दंडावर चार बोटं आणि एक अंगठा, निळेजांभळे, मोजून घ्यावेत असे उमटले होते. गुणाबाईची नजर तिथे गेली आणि मग रंभाकडे वळली.

"बगा वन्स, नीट बगा," रंभा परातीवरून न उठता म्हणाली. "ह्यो वळ माजा हाय. दारूच्या दुकानाच्या दारातून वढून आनला. काढा फोटो, टाका ग्रुपवर."

गुणाबाईने पेजेचं भांडं खाली ठेवलं. तिचा फोन कमरेलाच राहिला. कुंदन दारात उभा होता, आणि या वेळी तो जमिनीकडे बघत नव्हता.

काशिराम उठला, खुंटीवरचा शर्ट काढला आणि सगळ्यांच्या देखत पूर्ण बाह्यांचा तो शर्ट घातला.