जयाबाईंचा ‘जॉट’

जया देवराम वाघ या मुरबाडच्या डोंगरपट्ट्यातल्या एका हायस्कूलमध्ये इतिहास शिकवत. इंग्रजीच्या सरांची बदली झाली आणि जागा भरली गेली नाही. मुख्याध्यापक महिपत सर म्हणाले, “बाई, तुमचं अक्षर चांगलं आहे, आठवीचं इंग्रजी तुम्हीच बघा.” अक्षराचा आणि इंग्रजीचा काय संबंध, हे विचारायचं बाईंच्या ओठावर आलं होतं. पण त्यांनी आठवीचं इंग्रजीचं पुस्तक उचललं.

जानेवारीत तालुक्याच्या इंग्रजी वाचन स्पर्धेचा उतारा आला. त्यात होडीतून समुद्रावर फिरायला जाणाऱ्या एका कुटुंबाची गोष्ट होती आणि त्या होडीसाठीचा एक शब्द पुन्हा पुन्हा येत होता: वाय, ए, सी, एच, टी. वाचायला आठवीतली कुणाली उभी राहिली. आवाज खणखणीत, भीती नाही, म्हणून बाईंनी तिलाच निवडलं होतं.

“यॉट,” कुणाली म्हणाली.

“सी आणि एच कुठे गेले मग?”

“आसनगावला मावशीकडं व्हिडिओत ऐकलं, बाई. तिथं यॉटच बोलत होते.”

“व्हिडिओत काहीही बोलतात. थांब.”

बाईंनी कपाटातून शाळेची डिक्शनरी काढली. जाडजूड, तपकिरी कागदाचं कव्हर घातलेली. नव्याने बांधताना तिची पुढची पानं गेली होती. शब्द सापडला. त्याच्या पुढे दोन तिरप्या रेघांमध्ये लिहिलं होतं: /jɒt/. मधलं अक्षर बाईंना ओळखीचं नव्हतं, पण ते ‘ऑ’ असावं असं वाटलं. शेवटी टी. आणि सुरुवातीला तर सरळसरळ जे.

“बघ, जॉट. डिक्शनरीत लिहिलंय. डिक्शनरी खोटं बोलेल का?”

कुणालीने पुस्तकात डोकावून पाहिलं. आठवडाभर तिने जॉट, जॉट असं पाठ केलं.

मुरबाडच्या स्पर्धेत तिने तो शब्द म्हटला, तेव्हा परीक्षकांनी एकमेकांकडे पाहिलं. तिच्या आधीच्या मुलीने यॉट म्हटलं होतं, नंतरच्या मुलानेही. निकालात कुणालीचं नाव नव्हतं. मंचावरून उतरताना एक परीक्षक बाईंना सहज म्हणाले, “मुलगी छान वाचते. तो एक शब्द मात्र घोटून घ्यायला हवा होता.”

घोटूनच घेतला होता, हे बाईंना सांगता आलं नाही.

परतीच्या एसटीत कुणाली खिडकीकडे तोंड करून बसली. बाई म्हणाल्या, “अगं, डिक्शनरीत सुरुवातीला ‘जे’ होता.”

“मी बोलले व्हते ना बाई. तुमी ऐकलं नाय.”

सोमवारी मधल्या सुट्टीत बाई डिक्शनरी घेऊन बसल्या. राग कोणावर काढावा हे कळत नव्हतं. बीएडला एक दिवस तरी कोणी या खुणा शिकवायच्या होत्या. चिन्हांची यादी पुढच्या पानांत असणार, आणि तीच पानं गायब. मग त्यांना सुचलं की जे शब्द आपल्याला पक्के येतात, त्यांच्यापुढे काय लिहिलंय ते बघावं. त्यांनी ‘येस’ काढला: /jes/. ‘यलो’ काढला, तिथेही सुरुवातीला तोच ‘जे’. मग ‘जॅम’ काढला: /dʒæm/. डी, आणि त्याला चिकटून तीनच्या आकड्यासारखं काहीतरी. ‘जज’मध्ये ते दोनदा आलं, पुढे आणि मागे. म्हणजे ‘ज’साठी ही जोडी, आणि एकटा जे म्हणजे ‘य’. मग ‘युनिट’ काढला. स्पेलिंगमध्ये वाय नाही, जे नाही, पण खुणांमध्ये जे होताच. युनिटमधला ‘य’.

दहा मिनिटांचं काम होतं. ते स्पर्धेआधीच का केलं नाही, या विचाराने त्यांनी पुस्तक इतक्या जोरात मिटलं की महिपत सरांनी दारातून पाहिलं.

“काय झालं बाई?”

“सर, नवीन डिक्शनरी हवी. पुढची पानं असलेली.”

“निधी नाही हो. आणि आता मोबाइलच उच्चार बोलून दाखवतो की.”

“इथे रेंज कुठे आहे?”

सर हसले आणि पुढे गेले.

बाईंनी आठवीच्या फळ्यावर सगळं मांडलं. ‘येस’, ‘जॅम’, त्यांच्या खुणा, आणि आपली चूक कुठे झाली तेही. मुलांनी वहीत उतरवून घेतलं. कुणालीने घेतलं नाही.

“कुणाली, चूक माझी होती. कळलं ना?”

“कळलं बाई.”

“मग लिही की.”

“आता लिहून काय? स्पर्धा गेली.”

बाई फळ्याकडे वळल्या, तर मागच्या बाकावरून संदेशने विचारलं, “बाई, ते तीनसारखं डीशिवाय एकटं आलं तर काय वाचायचं?”

बाईंनी ते अजून पाहिलंच नव्हतं. “बघून सांगते,” असं म्हणून त्यांनी डिक्शनरी पुन्हा उघडली आणि ती खूण एकटी असलेला ओळखीचा शब्द शोधू लागल्या. तास संपला तरी सापडला नाही.